निवेदिकाबाईंना आभाराचं पत्र लिहायचंय, मसुदा बघून द्याल का?

खिडकीजवळची_सीट

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या वाचनालयाच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम झाला. परळ भागातलं एक सभागृह चार ते साडेसात घेतलं होतं. पावसाने आणि मेगाब्लॉकने मिळून आमची क्रमपत्रिका दुपारी तीनलाच फाडली. माटुंगा ते मुलुंड ब्लॉक, त्यामुळे डोंबिवलीहून निघालेली गायिका आणि तिचे तबलजी कुठेतरी स्लो लोकलमध्ये. प्रमुख पाहुणे ठाण्याहून गाडीने निघालेले, ते सायनला अडकले. गांधी मार्केटला पाणी, हिंदमाताला पाणी, हे तुम्हाला सांगायला नको. सभागृहात तीनशेच्या आसपास माणसं येऊन बसलेली, स्टेजवर पाच खुर्च्या, त्यातल्या तीन रिकाम्या.

तरी कार्यक्रम सात पंचविसाला संपला आणि लोक खूश होऊन गेले. याचं सगळं श्रेय निवेदन करणाऱ्या ताईंचं आहे. (नाव इथे देत नाही. त्या व्यावसायिक आहेत, पण आमच्याकडे ओळखीने आल्या होत्या.) कार्यकारिणीने मला आभाराचं पत्र लिहायला सांगितलंय. मी लिहिलेलं असं:

*"आपल्या ओघवत्या, रसाळ आणि बहारदार सूत्रसंचालनाने कार्यक्रमाला चार चाँद लागले. ऐनवेळी उद्भवलेल्या अडचणींतही आपण हजरजबाबीपणे वेळ मारून नेली, याबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे."*

बायको म्हणाली, हे पत्र कुठल्याही बाईंना कुठल्याही कार्यक्रमानंतर पाठवता येईल. काय बदलू?

निळी_शाई

वहिनींचं बरोबर आहे. आणि आधी ते "वेळ मारून नेली" काढा बघू. वेळ मारून नेतो तो उधारी मागायला आलेल्याला "उद्या या" सांगणारा माणूस. थाप मारून सुटला, असाही त्याचा अर्थ निघतो. तुम्हाला म्हणायचंय "वेळ निभावून नेली". त्या बाई भाषेवर पोट भरणाऱ्या आहेत, वाचतानाच ठेच लागेल.

"चार चाँद" पण नको. आपल्याकडे "चार चांदण्या" सुद्धा कुणी लावत नाही.

खिडकीजवळची_सीट

बाप रे. हे पत्र अध्यक्षांना दाखवून झालंय, त्यांना फार आवडलं होतं.

दादरचा_पूल

नंबर मिळेल का त्यांचा? भाचीची हळद आहे डिसेंबरात, मुलुंडला. ढोल, एंट्री, गेम्स वगैरे घेतात का? साधारण किती घेतात?

विंगेतला

दादरचा पूल, हा धागा त्याबद्दल नाही हो.

सीट, मी पस्तीस वर्षं मुंबईतल्या नाट्यगृहांत ध्वनी सांभाळतोय. निवेदक खूप पाहिलेत. बहारदार बोलणारे शंभर मिळतात, पण घड्याळ सांभाळणारे हाताच्या बोटांवर. तुम्ही तिथे होतात, तर त्यांनी नक्की काय केलं ते मिनिटामिनिटाने आठवून इथे लिहा. पत्र त्यातूनच निघेल. चार वाजता स्टेजवर कोण होतं, आणि बाई पहिलं काय बोलल्या?

खिडकीजवळची_सीट

लिहितो. मी दारापाशी होतो आणि फोन माझ्याकडे होता, म्हणून बरंच माहीत आहे.

छापील क्रम असा होता: दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, एकवीस जुन्या सभासदांचे सत्कार, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय, सहाला चहा, मग तासभर गाणी, आभार.

ताई साडेतीनला आल्या. परिस्थिती कळल्यावर त्यांनी क्रमपत्रिका पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे पाहुणे नसताना होऊ शकतं ते, उजवीकडे पाहुण्यांशिवाय अडतं ते. उजवीकडे दोनच गोष्टी राहिल्या, सत्कार आणि भाषण. आम्ही इतका वेळ सगळंच अडलंय असं धरून डोक्याला हात लावून बसलो होतो.

मग मला म्हणाल्या, "पाहुण्यांच्या ड्रायव्हरशी तुम्हीच बोला. 'निघालेत', 'पोचतीलच' हे मला सांगू नका. शेवटचा सिग्नल कुठला ओलांडला ते विचारा, दर पंधरा मिनिटांनी, आणि चिठ्ठीवर लिहून पाठवा." पहिली चिठ्ठी मी पाठवली "सायन सर्कल, हलत नाही". ती वाचून त्यांनी चहावाल्याला बोलावणं पाठवलं.

माजघर

चहावाल्याला? का?

खिडकीजवळची_सीट

तोच तर मुद्दा. सहाचा चहा त्यांनी पाचला ओढला. तीनशे माणसांच्या चहाचं आधण यायला त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो, म्हणून सव्वाचारला कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच निरोप गेला. आमच्यापैकी कुणाला सुचलं असतं तर पावणेपाचला सुचलं असतं आणि साडेपाचपर्यंत पातेल्याकडे बघत बसलो असतो.

विंगेतला

वा. पण लवकर चहा म्हणजे दुधारी सुरी. पावसाचा दिवस, चहा पोटात गेला की माणूस छत्री उघडतो. निम्मं सभागृह तिथेच रिकामं होतं. ते कसं टाळलं?

खिडकीजवळची_सीट

सांगतो. त्याआधी चार पंधराला त्या माइकवर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "पाहुणे सायनला पाण्यात आहेत. साडेपाचच्या आत ते येतील असं मला वाटत नाही. गायिकाही गाडीत आहेत. चहा पाच वाजता आहे. तोवर आपण आपल्या घरचा कार्यक्रम करू." बस. त्यानंतर पाहुण्यांचा विषय पाहुणे येईपर्यंत काढलाच नाही.

दीपप्रज्वलन आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासद आजींच्या हस्ते केलं. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना स्टेजवर चढवायला चार मिनिटं लागली, ताई त्या चार मिनिटांत एक शब्द बोलल्या नाहीत. लोक नुसते बघत होते. पायरीवर आजींनी पदर सावरला, चप्पल काढली, मग काडी मागितली.

टिळकपुलाखाली

मला हे पटलेलं नाही. "पाहुणे पाण्यात आहेत" असं माइकवरून सांगणं हा पाहुण्यांचा अपमान आहे. आणि पाहुणे यायच्या आधी दीप लावला? आमच्या वडिलांच्या काळात असं कुणी केलं असतं तर पाहुणे दारातून परत गेले असते. निवेदकाने "काही अपरिहार्य कारणास्तव" म्हणावं, दोन कविता म्हणाव्यात, विनोद सांगावेत. तेच त्याचं काम.

विंगेतला

टिळकपूल, दिव्याबद्दलचं तुमचं अर्धं बरोबर आहे. काही पाहुणे रुसतात. म्हणून जाणता निवेदक पाहुण्यांना स्टेजवर यायच्या आधी विंगेत गाठून सांगतो की दिवा झालाय आणि कुणाच्या हस्ते झालाय. न सांगता त्यांना स्टेजवर आणलं तर ते समईकडे चालायला लागतात आणि तिथे ज्योत तेवत असते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण कविता-विनोदाचं म्हणाल तर नाही. वेळ भरायला सांगितलेला विनोद लोकांना लगेच कळतो. पहिल्याला हसतात, दुसऱ्याला घड्याळ बघतात, तिसऱ्याला मोबाइल काढतात. वरून मला साउंडवर तेच दिसतं, काळोखात एकेक चेहरा निळा व्हायला लागतो. आणि "अपरिहार्य कारणास्तव" म्हटलं की लोक कुजबुजायला लागतात, की पाहुण्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं वाटतं. खरं ठिकाण सांगितलं की तीनशे माणसं पाहुण्यांच्या बाजूची होतात. सायनचं पाणी कुणी पाहिलेलं नाही?

खिडकीजवळची_सीट

अगदी. पाहुणे आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या पोहून आल्यासारख्या.

आता चहाचं. दिवा, ईशस्तवन (वाचनालयातल्याच दोन मुलींनी म्हटलं) आणि प्रास्ताविक झाल्यावर ताईंनी पोडियम सोडला. दोन खुर्च्या पुढे ओढल्या आणि सत्काराच्या यादीतल्या लोकांना एकेक करून वर बोलावलं. प्रत्येकाला एकच प्रश्न, "इथून पहिल्यांदा पुस्तक नेलंत ते कधी, आणि परत वेळेवर केलंत का?" एक काका गिरणीत होते. म्हणाले, तिसऱ्या पाळीहून सकाळी सुटलो की आधी वाचनालयाच्या पायरीवर बसायचो, ग्रंथपाल यायची वाट बघत, आणि तिथेच झोप लागायची. ग्रंथपाल मला ओलांडून कुलूप उघडायचे. आम्हाला पंच्याहत्तरीच्या स्मरणिकेसाठी सहा महिने आठवणी मागून जे मिळालं नव्हतं ते त्या वीस मिनिटांत मिळालं.

पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यांनी आमची जुनी दाखल नोंदवही हातात घेतली. म्हणाल्या, "यात नोंद क्रमांक एक कशाची आहे ते मी आत्ता वाचलंय. चहा पिताना अंदाज करा, चहानंतर सांगते." आणि वही मिटली. चहा त्यांनी फाटकाजवळच्या मंडपातून लॉबीत हलवायला लावला होता, म्हणजे कुणाला छत्री उघडायची वेळच येऊ नये. चहानंतर मी मोजलं नाही, पण मधल्या रांगा जशाच्या तशा भरलेल्या होत्या.

माजघर

नोंद कशाची होती???

खिडकीजवळची_सीट

रेल्वेच्या वेळापत्रकाची. लोकांनी संतांपासून सुरुवात केली होती. वेळापत्रक म्हटल्यावर सभागृहात जो हशा उठला, त्या दिवशी तर विशेष.

निळी_शाई

हे पत्रात आलंच पाहिजे. "बहारदार" या शब्दाच्या जागी नोंदवही घाला.

गिरगावातली_मी

आमच्या गणपतीत एकदा असंच झालं होतं. विसाव्या वर्षाचा कार्यक्रम, पाहुणे आलेच नाहीत, निवेदक आमचाच एक दादा. त्याने पन्नास मिनिटं मिमिक्री केली. पहिली पंधरा मिनिटं आम्ही लोटपोट. मग तोच तोच आवाज. शेवटी मुलांनी फुगे फोडायला सुरुवात केली. अजून त्याला कुणी भेटलं की "दादा, पाहुणे आले का रे?" विचारतात. बिचारा. त्याला कुणी असं पत्र लिहिलं नाही.

दादरचा_पूल

मिमिक्री चालेल हळदीला. त्या दादांचा नंबर?

वरणभात_तूप

साडेसातला संपवायची घाई कशाला पण? लाउडस्पीकरचा नियम रात्री दहाचा आहे. अडीच तास होते की हातात.

विंगेतला

वरणभात, दहाचा नियम उघड्यावरच्या स्पीकरला. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज असेल तर तो आड येत नाही. इथे अडचण वेगळी असते. नाट्यगृह सत्रावर मिळतं. रात्रीच्या सत्राला नाटक असेल तर सातपासून मागच्या दारी सेटचा टेम्पो उभा असतो, त्यांना नेपथ्याचे फ्लॅट उभे करायचे, लाइट लावायचे. तुम्ही दहा मिनिटं जास्त घेतलीत की त्यांचा पडदा उशिरा जातो. सत्रापेक्षा जास्त वेळ घेतला तर पैसेही पडतात, ते जागेजागेप्रमाणे.

सीट, पाहुणे नक्की कधी आले? कारण खरी परीक्षा तिथून. उशीर भरणं सोपं, उशीर कापणं अवघड.

खिडकीजवळची_सीट

पाच पंचावन्नला. तेव्हा एक आजी बोलत होत्या. आमच्या सचिवांनी स्टेजखालून हातवारे सुरू केले, थांबवा थांबवा. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजींचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, त्यांना हात धरून खुर्चीपर्यंत पोचवलं, आणि मग विंगेत गेल्या. पाहुण्यांशी काय बोलल्या ते मी शेजारीच उभा असल्यामुळे ऐकलं: दिवा आजींच्या हस्ते झालाय, उशिराबद्दल माफी मागायची गरज नाही, लोकांना सगळं माहीत आहे, आधी सत्कार, मग तुमची वीस मिनिटं. एवढंच. पाहुण्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. ते फक्त "टॉवेल आहे का?" म्हणाले.

सत्कार एकवीस. नाव पुकारा, चढा, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, उतरा. दीड मिनिट धरलं तरी अर्धा तास. ताईंनी सात-सात जणांना विंगेत आधीच रांगेत उभं केलं, तिन्ही वेळा अख्खी रांग एकदम स्टेजवर. पाहुणे रांगेतून चालत गेले, नाव आणि सभासदत्वाचं वर्ष एवढंच माइकवर, पुष्पगुच्छ रद्द, फोटो रांगेचा एकत्र. बारा मिनिटं. आणि कुणालाच आपलं कापलं असं वाटलं नाही, कारण त्यातले बरेच जण चहाआधी खुर्चीत बसून बोलून झाले होते.

पाहुण्यांचा दोन पानी परिचय होता. तो चार वाक्यांत संपला.

विंगेतला

हे बघा, इथेच कळतं. खुर्चीतल्या गप्पा ही वेळ भरायची युक्ती नव्हती, तो सत्काराचाच अर्धा भाग होता. पुढे कापता यावं म्हणून आधी देऊन ठेवला. पत्रात हे ओळखून लिहिलंत तर बाई ते पत्र जपून ठेवतील. टाळ्या सगळेच वाजवतात हो, पण आपण काय केलं हे कुणाला दिसलंय, असं फार क्वचित होतं.

गाण्याचं काय झालं?

खर्जातला_सा

मला तबल्याचं विचारायचंय. पावसातून आलेला तबला लगेच सुरात येत नाही. ओल धरून उतरतो, वातानुकूलित हॉलमध्ये आणला की पुन्हा फिरतो.

खिडकीजवळची_सीट

मंडळी सव्वासहाला आली. पाहुण्यांचं भाषण चालू असताना तबलजी मागच्या खोलीत हातोडी घेऊन बसले. तिथून ठकठक स्टेजवर ऐकू येत होती, तर ताईंनी मधलं दार लावून घेतलं आणि बाहेर एक पोरगा उभा केला. पावणेसातला गाणं सुरू. तासाऐवजी पस्तीस मिनिटं. कुठली गाणी गाळायची ते गायिकेलाच ठरवू दिलं.

एक गोष्ट मात्र बिघडली. सत्कारात एक नाव राहिलं. यादीत एकवीस, तिसऱ्या रांगेत सहाच उभे. एक काका पायऱ्यांवरच बसून राहिले होते, गुडघ्यांमुळे. ताईंच्या ते गाण्याच्या मध्ये लक्षात आलं. आभाराआधी पाहुण्यांना घेऊन त्या स्वतः खाली उतरल्या, काकांच्या जागेवर शाल दिली. माइकची वायर तिथवर पुरली नाही म्हणून नाव मोठ्याने ओरडून घेतलं.

टिळकपुलाखाली

हे पत्रात घालू नका. चूक ती चूक.

निळी_शाई

उलट घाला. नाहीतर ते पत्र बाईंना खोटं वाटेल. त्यांना माहीत आहे की नाव राहिलं होतं.

विंगेतला

माझं मत अजून पक्कं नाही. पत्र त्या पुढच्या आयोजकांना दाखवणार असतील तर ही ओळ कशी वाचली जाईल सांगता येत नाही. त्यांना विचारूनच ठरवा. दुसरं, सायनचं पाणी लिहा पण कार्यकारिणीतल्या कुणाचं चुकलं ते लिहू नका, आभाराच्या पत्रात दुसऱ्याचं माप काढायचं नसतं. आणि मानधनाचं पाकीट बाकी असेल तर ते आधी पोचवा. नुसतं पत्र आधी गेलं तर लोकांना शंका येते.

खिडकीजवळची_सीट

मानधन त्याच दिवशी दिलं. परत लिहिलंय, बघा:

*"सप्रेम नमस्कार. रविवारी साडेतीनला आपण आमची क्रमपत्रिका पालथी घालून मधोमध रेघ मारलीत, तेव्हा आमच्या हातात मोडलेला कार्यक्रम होता. चहा तासभर आधी आणायचं आपण कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच ठरवलंत, आणि नोंदवही मिटून लोकांना परत खुर्चीत आणलंत. ज्यांचे सत्कार पुढे आवरते घ्यावे लागणार होते त्यांना आपण आधी बोलतं केलंत, हे आमच्या लक्षात दोन दिवसांनी आलं. आजी जिना चढत होत्या तेव्हा आपण गप्प राहिलात, तेही. एक काका पायऱ्यांवर राहून गेले होते, त्यांच्यापर्यंत आपण पाहुण्यांना घेऊन गेलात. गिरणीतल्या काकांची आठवण स्मरणिकेच्या पुढच्या आवृत्तीत छापतो आहोत, खाली 'आपल्या प्रश्नामुळे' असं लिहून. सात पंचविसाला पडदा पडला. आभार."*

अध्यक्ष म्हणतात, यात "शतशः ऋणी" कुठे आहे?

निळी_शाई

"घालून मधोमध" चं "करून मधोमध" करा. क्रमपत्रिका पालथी करतात, पालथं घालतात ते गाव. बाकी हात लावू नका. अध्यक्षांना सांगा, लिफाफ्यावर लिहितो.

विंगेतला

नाव राहिल्याची ओळ छान बसवलीत. तरी त्यांना एकदा फोन करा.

खिडकीजवळची_सीट

केला आत्ता. म्हणाल्या, ठेवा ती ओळ, पण काका "राहून गेले" नका म्हणू, "मी विसरले" म्हणा. आणि काकांचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

दादरचा_पूल

मग हळदीचं विचारलंत का?